आबांची गवसणी

‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द उभ्या आयुष्यात एकदाही न उच्चारलेला एकच माणूस मी पाहिला होता, आणि तो रोज सकाळी नऊ ते बारा माझ्याच दुकानाच्या बाकावर बसलेला असायचा. मिरजगावच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानापुढचा बाक मी गिऱ्हाइकांसाठी टाकला होता. पण तिथे गिऱ्हाईक कधी बसलं असेल तर ते आबांच्या परवानगीने. धोतर, पांढरा सदरा, टोपी, आणि मांडीवर दुमडून ठेवलेली पिशवी. त्या पिशवीत काय असायचं हे मला तेव्हा कधी कळलं नाही. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही म्हणतो.

हायवेचं गाव असल्यामुळे रस्ता विचारणारे खंडीभर. काच खाली होऊन गाडीतून डोकं बाहेर यायचा अवकाश, की आबा बाकावरून उठलेच. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. स्वतः कधी न गेलेल्या गावांचे रस्ते तर ते जास्तच तपशिलाने सांगत, “पुढं एक चिंच लागंल, तिथून डाव्या अंगाला वळा,” अशा थाटात. एकदा एक टेम्पोवाला त्यांच्या चिंचेच्या भरवशावर गेला आणि दोन तासांनी लालबुंद होऊन परत आला. मला वाटलं, आता काही आबांची धडगत नाही. आबांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला आणि शांतपणे म्हणाले, “आता बग, ह्यो रस्ता तुला जन्मात चुकनार न्हाई.” टेम्पोवाला चहा पिऊन चक्क पाया पडून गेला हो! मी मात्र तेव्हापासून दुकानात तालुक्याचा नकाशा चिकटवून ठेवला आहे.

पावसाचंही तेच. “गुरुवारी येतो,” असं आबांनी एकदा जाहीर केलं. गुरुवार आला, कडकडीत ऊन. लोकांनी येऊन टोमणे मारले. आबा म्हणाले, “कोनता गुरुवार, ते मी बोललो व्हतो का?” मोबाईलची रेंज का जाते, गुडघा का दुखतो, कांद्याला डेंगळे फुटून फूल का येतं, परदेशात रात्र असताना आपल्याकडे दिवस का असतो, सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर. त्यातली काही बरोबरही निघत, हे कबूल करायला हवं. लबाडी मात्र त्यात काडीची नव्हती. दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, तसं विचारणाऱ्याला रिकाम्या कानांनी पाठवू नये, एवढंच त्यांचं शास्त्र. मी वैतागायचो, तोंडावर बोलायचोही, पण ज्या दिवशी ते येत नसत त्या दिवशी दुकानात जीव रमत नसे.

या सगळ्या ज्ञानाचा खरा वारस म्हणजे त्यांची नात आरोही. सहावीतली, दोन वेण्या, आणि वकिलाला घाम फोडील असं तोंड. आबा जे सांगतील ते तिला काळ्या दगडावरची रेघ. मागे एकदा तिने वर्गात कसल्याशा शब्दाचा आबांनी सांगितलेला अर्थ ठणकावून सांगितला आणि सगळा वर्ग हसला. घरी येताना ती दोन पोरींशी भांडून आली. “माझे आबा खोटं सांगत न्हाईत,” एवढं एकच तिचं म्हणणं. ते मला कळलं आणि आबांनाही कळलं. त्यानंतर आठवडाभर आबा प्रश्न पुरा ऐकून मगच उत्तर देत होते.

आणि मग तो शनिवार आला. सकाळची शाळा सुटली आणि आरोही दप्तर सांभाळत थेट बाकापाशी आली. सोमवारी परिपाठात, म्हणजे प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर, तिला कविता समजावून सांगायची होती. सरांची अट एकच होती, अर्थ गाइडातला नको. तिने पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं,

“चिमण्या अमुच्या हातांनी
गवसणी घालू आभाळाला.”

“आबा, गवसणी म्हंजे काय ओ?”

आबांनी टोपी सारखी केली. “गवसणी म्हंजे शिडी. आभाळाला शिडी.”

आरोहीने विचार केला. “मग ‘शिडी लावू’ म्हनले असते. शिडी घालत्यात का?”

“बरं, मग दावं. आभाळाला दावं घालायचं, म्हंजे ते पळून जानार न्हाई.”

“आभाळ काय गाय हाय का, आबा?”

“मग मिठी!”

“मिठी मारत्यात.”

“कुंपन!” आबांचा आवाज चढला. “कुंपन घालत्यात का न्हाई? सांग!”

कुंपण घालतात, हे आरोहीला मान्य करावंच लागलं. तिने मान वर करून स्टँडवरच्या आभाळाकडे बराच वेळ पाहिलं. “पन आबा, कुंपनाच्या आत काय ठेवायचं मग?”

पोरगी अशी एकेक वाट बंद करत चालली होती आणि आबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मला राहवेना. मी विक्रीतलं गाइड काढून वाचलं, “आभाळाला गवसणी घालणे म्हणजे अशक्य वाटणारे मोठे काम करायला धजणे.”

“ते समद्या ओळीचं झालं, काका,” आरोही म्हणाली. “गवसणी कशाला म्हनत्यात? दिसती कशी ती?”

आता आली का पंचाईत! मी बी.ए. मराठी. हा वाक्प्रचार निदान पन्नास निबंधांत वापरला असेन, निरोप समारंभांत तर विचारूच नका. पण ती दिसते कशी, हे माझ्या बापजन्मी डोक्यात आलं नव्हतं. मी मुकाट्याने मोबाईल काढला, तर आरोहीने माझ्या हातावर हात ठेवला. “नगं काका. आबा हायेत ना.”

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की मी मोबाईल परत खिशात घातला. आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात तो हसणारा वर्ग असणार, सोमवारची अख्खी शाळा असणार. आणखी एक उत्तर ठोकून द्यायला त्यांना काय लागत होतं? ओठ हललेही. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले,

“पोरी, मला ठाऊक न्हाई.”

शप्पथ सांगतो, माझ्या हातातलं गाइड खाली पडलं. आरोहीचा चेहरा एवढासा झाला. तिला बहुतेक वाटलं आबा आजारी पडले. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. आबा उठून उभे राहिले. “पन कुनाला तरी ठाऊक असंल. चल, इचारू.”

मी दुकानाला कुलूप लावलं. आबा कुणाला तरी काहीतरी विचारणार, हे बघायचं सोडून झेरॉक्स काढत बसणारा माणूस मी नव्हे.

पहिला चहावाला. तो म्हणाला, “गवसणी? घालत्यात की ती.” म्हणजे माझ्याइतकाच हुशार. दोन दुकानदारांना आबा आयुष्यात प्रथम काही विचारताहेत याचाच धक्का बसला, अर्थ राहिला बाजूला. शेवटी रस्त्यापलीकडे चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे गावातले सगळ्यांत जुने टेलर. नजर मंदावली, पण मशीन सुटलेलं नाही. आरोहीने विचारलं, तशी चाचांनी पायडलवरचा पाय काढला आणि भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केलं.

“ती काय. तुमच्याच भजनी मंडळाची. पखवाजाची गवसणी. नाडी तुटली म्हनून आली हाय.”

जाड मांजरपाट कापडाची, आतून मऊ अस्तर लावलेली, मध्ये फुगीर, एका तोंडाला नाडी. आबा बघतच राहिले. त्या पखवाजापुढे ते चाळीस वर्षं भजनाला बसत आले. ही गवसणी खांद्यावर टाकून गावोगाव फिरले. “हिला आमी पिशवी म्हनायचो, चाचा,” ते हळूच म्हणाले.

“पिशवीत काय बी भरावं,” चाचा म्हणाले. “गवसणी ज्याची त्यालाच. सतारीची पखवाजाला व्हत न्हाई. वाद्याला धूळ लागू न्हाई, सर्दी धरू न्हाई, म्हनून अंगाबरोबर शिवायची.”

“मापानं?” आरोहीने विचारलं.

“तर! नवीन कारागीर दोन्ही तोंडं मोजतो आन् फसतो. पखवाजाचं पोट तोंडापेक्षा मोठं. आधी पोटाचा घेर, मग लांबी, मग दोन्ही तोंडं, येक बारकं, येक मोठं. वर बोटभर ढील. ढील कमी पडली तर चढत न्हाई, जास्त झाली तर आत वाद्य हिंदकळतं.”

आरोहीने गवसणीत कोपरापर्यंत हात घालून बघितला. मग पुस्तक उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

“म्हंजे या पोरांना अख्ख्या आभाळाला मापाची खोळ शिवायची?” ती म्हणाली.

“व्हय. आन् चिमण्या हातांनी,” चाचा हसले. “पन बाळ, माप घेतल्याबिगर मी कापडाला कातर लावत न्हाई. आधी आभाळाचं पोट मोजून आन.”

“म्हनून ते अवघड काम!” आरोही जवळजवळ ओरडलीच. आबांनी तिच्याकडे, मग चाचांकडे पाहिलं आणि सहावीतल्या पोरासारखे प्रश्न विचारायला बसले. अस्तर कशाला, नाडी एकाच तोंडाला का, सनईची कशी असते. अर्धा तास. आमच्या बाकावर इतकी वर्षं एवढी भूक बसली होती, आणि मला पत्ता नव्हता.

सोमवारी मी शाळेत प्रश्नपत्रिकांच्या प्रती द्यायच्या निमित्ताने गेलो. निमित्तच ते. आबा आधीच फाटकाबाहेर उभे होते. आत येईनात. “पोरगी सांगंल समद्यांना, आबाला आलं न्हाई म्हनून,” असं पुटपुटले. आरोही पुढे आली. हातात गवसणी, चाचांनी नवी नाडी घातलेली. घेर, लांबी, तोंडं, ढील, सगळं तिने करून दाखवलं आणि ओळीचा अर्थ सांगितला. एकही पोर हसलं नाही. सरांनी विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

“चाचांनी,” आरोही म्हणाली. “माझ्या आबांना ठाऊक नव्हतं. पन आबा मला घेऊन सगळ्या गावाला विचारत फिरले.”

हे सांगताना तिची मान इतकी ताठ होती, की तिने जणू आबांना मिळालेलं बक्षीसच वाचून दाखवलं. फाटकाबाहेर आबा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझीही तीच गत झाली होती.

या जूनपासून आरोही नगरला मावशीकडे शिकायला गेली. सकाळी आबांच्या फोनवर तिला अडलेला एखादा शब्द येतो. आबा माझ्याकडून तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतात, पिशवीत घालतात आणि निघतात. कुंभाराकडे, सुताराकडे, चाचांकडे. संध्याकाळी नातीला अर्थ पोचतो. रस्ता विचारणारे अजून येतात आणि बाक रिकामा बघून मला विचारतात. भिंतीवर नकाशा आहे, हातात मोबाईल आहे. तरी परवा एका गाडीवाल्याला मी म्हणालो, “मला ठाऊक नाही बुवा. बसा जरा बाकावर. आमचे आबा विचारायला गेलेत, येतील एवढ्यात.”