नखभर

सतरा वर्षं मला इंदुरीपासून आंबीपर्यंत लोक ‘बोटभर’ म्हणतात. कबड्डीचा अंतिम सामना, शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने मागे. दोघांनी मला पकडलं, एक घोट्याला, दुसरा कंबरेला. तरी दम न सोडता फरपटत आलो आणि माझी बोटं मध्यरेषेपलीकडे टेकली. पण घोट्याला लटकलेल्या गड्याने पाय घासून चुन्याची रेषाच पुसली. वर धूळ. पंचाला काही दिसलं नाही. “बोटभर कमी पडला रं!” असं तो गडीच ओरडला. ते नाव तिथून चिकटलं.

तोच आता त्या स्पर्धेचा अध्यक्ष. तळेगावच्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आला. “एआयवर जाहिरातीची क्लिप कर. चढाई पायजे, आंगाला आंग, लय धुरळा. कॅमेरा पार मातीत.”

“करतो की भाऊ,” म्हटलं. आत मात्र उकळ्या फुटत होत्या. आला वाघ सापळ्यात!

पहिल्यांदा प्रॉम्प्टमध्ये चढाईसाठी इंग्रजीत ‘रेड’ लिहिलं, तर बाबा, पोलिसांची धाड पडली! खाकीतले चौघे दार तोडत होते. मग सगळं फोडून लिहिलं: मातीचं मैदान, कबड्डी, कॅमेरा जमिनीला टेकून मध्यरेषेवर. चढाईपटू पालथा, एकाने घोटे, एकाने कंबर आवळलेली, मध्ये फट नाही. पायांखालून धूळ उठते, मागे गर्दी उभी राहून ओरडते. शेवटी माझी ओळ घातली: उजव्या हाताची बोटं पांढऱ्या रेषेच्या टीचभर पुढे, रेषा स्पष्ट, धूळ तिच्यावर नको.

चार-पाच वेळा बिघडलं. एकदा हाताला सहा बोटं आली. पण शेवटची क्लिप अशी निघाली की बघताना माझाच दम अडकला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष मंडळाच्या सात-आठ जणांना घेऊन आला. मी मोठ्या पडद्यावर लावली. धूळ, आरोळ्या, घट्ट पकड आणि रेषेपुढे बोटं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. तळपायाची आग मस्तकात गेली पाहिजे त्याच्या, एवढीच इच्छा.

तो चिडला नाही. पुढं वाकला, पडद्याला बोट लावलं आणि सवयीने चूक काढली.

“ह्यॅ, चुकलं. हात डावा व्हता. आन बोटं एवढी पल्याड कुटं व्हती? नखभर व्हती, नखभर!”

मंडळाचे सगळे त्याच्याकडे वळले. त्याचं बोट पडद्यावरच राहिलं.

“व्हय का भाऊ?” मी कीबोर्ड ओढला. “नखभर करतो.”

आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने वाचत, टाइप केलं: डावा हात, बोटं नखभर पलीकडे.