खोडलेल्या ओळीखालची टिंबं

तुमच्या कंपनीकडे एखाद्या छोट्या माणसाचं बिल थकलं असेल, तर ते नेमकं कोणाच्या टेबलावर पडून आहे, हे तुम्ही कधी उठून विचारलंय का?

आमचं पडून होतं. सात महिने. शिरूरला आमचा छापखाना आहे, आजोबांपासूनचा. प्रार्थनासभांच्या पत्रिका, मोर्चांची पत्रकं, निवडणुकांची हँडबिलं, सगळं इथंच छापलं गेलं आणि मी त्या रद्दीवरच वाचायला शिकले. पहिल्या ओळीतच ठोसा मारायचा आणि शेवटी मागणी ठोकायची, हे मला शाळेच्या निबंधाआधी कळलं होतं.

दौंडच्या बाजूला एमआयडीसीत एक मोठी कंपनी आहे. तिच्या सुरक्षा सप्ताहाच्या पुस्तिका आणि पोस्टरं आम्ही छापली. न्हावरा-चौफुल्यावरून टेम्पो भरून माल नेला, गेटवर चलनावर शिक्का मिळाला, स्टोअरनं माल तपासून पावती दिली, कोणाची तक्रार आली नाही. बिलावरचा जीएसटी पप्पांनी पुढच्याच महिन्यात स्वतःच्या खिशातून भरला. पैसे मात्र आले नाहीत. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे."

दिवाळी झाली तशी आमच्याकडे कॅलेंडरांची घाई सुरू झाली. पतसंस्था, दुकानदार, ग्रामपंचायती. आमचं वर्ष त्या दीड महिन्यावर चालतं. पुण्याच्या कागदवाल्यानं सांगून टाकलं, मागची बाकी दिल्याशिवाय रीम सुटणार नाही. कागद नाही तर कॅलेंडर नाही, आणि कॅलेंडर नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या छापखान्यात जाणार आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जाणार. कंपनीच्या कोट्यवधींच्या उलाढालीत आमचं बिल म्हणजे चहापाण्याचा खर्च, आणि त्याच्यासाठी आमचं मशीन बंद.

त्या दुपारी मी कंपनीला मेल लिहायला बसले. मेल इंग्रजीत होता, इथं मराठीत सांगते. विषयाच्या ओळीत लिहिलं, "गरिबांचे पैसे वापरून मोठे होणाऱ्यांना." पुढं लिहिलं की तुमच्या पोस्टरवर 'आधी माणूस' असं आम्हीच छापलं, आता आम्हाला त्या शाईची लाज वाटते. तुम्ही पांढऱ्या शर्टातले दरोडेखोर आहात. शेवटी कायदा: आम्ही नोंदणी केलेला सूक्ष्म उद्योग आहोत, माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं, आणि ते आम्ही मागतो.

मशीन चालवणाऱ्या मामांना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "झ्याक. चौकात चिकटवायचा का?"

पप्पांनी मेलची प्रिंट काढली आणि लाल पेन घेतलं. आमच्याकडे कुठलाही मजकूर मुद्रित, म्हणजे प्रूफ, तपासल्याशिवाय पुढं जात नाही, लग्नपत्रिकासुद्धा नाही. त्यांनी विषयाची ओळच उडवली. तिथं लिहिलं: ऑर्डर नंबर, बिल नंबर, स्टोअरच्या पावतीचा नंबर, देय तारीख उलटलेली. मग दरोडेखोर गेले. शाईची लाज गेली.

"पप्पा, यात खोटं काय आहे?"

"खोटं न्हाई. पर हे वाचनार कोन? मालक?"

"मालकालाच लिहिलंय."

"मालक मेल उघडतो व्हय? ती अकाउंटमधली पोरगी उघडती. तिनं तो सायबाला पाठवला, तर साहेब तिलाच म्हननार, ह्या असल्या लोकांशी आपन धंदा करतो का. मग ती काय करनार? दाबून टाकनार. पत्रक रस्त्यावरच्या मानसासाठी असतंय. मेल पुढं ढकलनाऱ्यासाठी. तिला ढकलता यायला पायजे."

मला त्यांचं पटत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. पैसे आमचे, उशीर त्यांचा, आणि शब्द मात्र आम्ही धुऊन, इस्त्री करून पाठवायचे. ज्याचं घेणं आहे त्यानंच अदबीनं का बोलायचं?

मग पेन शेवटच्या परिच्छेदावर आलं. पंचेचाळीस दिवसांची ओळ, व्याजाची ओळ. पप्पांनी दोन्हींवर आडवी रेघ मारली आणि बाजूला काढून टाकण्याची खूण केली.

"ही का?"

"पुढचं काम न्हाई देनार ते. वेंडर कोड बंद करत्यात."

"दरोडेखोर काढा, काही म्हणणार नाही. ती शिवी होती. ही मागणी आहे."

"तू शिरूरात बसून कायदा सांगनार त्यांना?"

"कायदा दिल्लीत बसलेल्यांनी केलाय. मी फक्त छापतेय."

मामा मशीनमागून म्हणाले, "आप्पा, पोरगी तुमच्यावरच गेलीया. आमचा काय दोष न्हाई."

मी पप्पांच्या हातातलं पेन घेतलं आणि खोडलेल्या दोन्ही ओळींखाली टिंबं देत गेले. छापखान्यात वाढलेल्या माणसाला ती खूण सांगावी लागत नाही. खोडलेल्या मजकुराखाली टिंबं दिली की तो राहू द्यायचा. आजोबांच्या काळापासून आमच्याकडे टिंबांवर कोणी वाद घातलेला नाही. पप्पांनी टिंबांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "व्याजाची वळ साधी कर. 'मागतो' लिव्ह. धमकी नको."

"मागतो असंच लिहिलंय."

"मग पाठव."

मेल सहा ओळींचा झाला. बिल, चलन आणि पावती जोडली. माझ्या रागाचा त्यात एक शब्द उरला नव्हता, फक्त त्याचं कारण उरलं होतं.

त्याच आठवड्यात अकाउंटमधल्या बाईंचा फोन आला. पप्पांनी स्पीकरवर टाकला.

"काका, तुमचा मेल मी जसाच्या तसा वर पाठवला. सगळे नंबर एकत्र होते म्हणून बरं झालं. तुमची पावती स्टोअरनं सिस्टिमला चढवलीच नव्हती, म्हणून बिल माझ्याकडे दिसतच नव्हतं. आता चढवलीय."

सात महिने फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" ऐकलेलं बिल कुठल्याच प्रोसेसमध्ये नव्हतं. कोणी उठून शेजारच्या इमारतीतल्या स्टोअरमध्ये जाऊन विचारलं नव्हतं, एवढंच.

"फक्त एक लेटर द्या," बाई म्हणाल्या. "व्याज मागणार नाही, असं. साहेब म्हणतायत, ते आलं की लगेच सोडू."

चूक त्यांच्या स्टोअरची, आणि हमीपत्र आमचं. मी तोंड उघडलं, तर पप्पांनी हात वर केला. टेबलाच्या काचेखाली त्यांनी तो लाल पेनाचा कागद ठेवला होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "ताई, ते लेटर मी न्हाई देनार. त्या वळीला टिंबं दिलेली हायत."

"कसली टिंबं, काका?"

"आमच्यात असती पद्धत. तुम्ही सायबाला सांगा, न्हाई म्हनलं."

बाई म्हणाल्या, "सांगते." आणि मग हळू आवाजात, "देऊ पण नका."

मुद्दल आलं, आणखी पंधरवड्यानं. व्याज आजपर्यंत आलेलं नाही. कागद आला तोवर सगळ्यात मोठ्या पतसंस्थेचं कॅलेंडर दुसऱ्याकडे छापून झालं होतं. बाकीची आम्ही रात्रंदिवस मशीन चालवून काढली. सुरक्षा सप्ताह पुढच्या वर्षीही आला. चौकशीचा फोन आला नाही. पण काचेखालचा तो कागद त्यांनी काढलेला नाही, आणि व्याजाची मागणी मी शासनाच्या पोर्टलवर नोंदवली तेव्हा सही करायला ते स्वतःहून पुढं सरकले.

तुम्ही जर अशा एखाद्या कंपनीत अकाउंटला, स्टोअरला किंवा खरेदीला बसत असाल, तर उद्या सकाळी पहिला चहा घेण्याआधी एक करा. सगळ्यात जुनं छोटं बिल काढा आणि त्याची पावती सिस्टिमला चढलीय का ते बघा. नसेल, तर फोन करू नका, मेलही करू नका. उठा आणि शेजारच्या इमारतीत चालत जा.