टोमॅटोचं ॲप आणि तिचे प्रश्न

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टोमॅटोच्या करपलेल्या पानाचा फोटो काढणं. मोबाईल माझा, नंबर माझा, पण शेतीसल्ल्याच्या ॲपला बोलून विचारायची ती कारभारीणच. नावही तिनं स्वतःचंच घातलेलं.

ती गेली आणि औषधाच्या दुकानांचे फोन सुरू झाले. "ताई आहेत का?" रोज नाही म्हणायचं.

महाळुंग्याच्या सेवा केंद्रातल्या बाईला मोबाईल दाखवला.

"बाबा, सल्ल्यासाठी घेतलेला नंबर सल्ल्यालाच वापरायचा. दुकानांना द्यायला वेगळी परवानगी लागते. ती इथं दिलेली दिसतीय."

"सगळ्याला हो म्हणली असंल. लई भोळी व्हती."

"मग ती मागं घ्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहू. सगळी माहिती पुसायलाही सांगता येतं, पण मग ताईंच्या आवाजातले जुने प्रश्नही जातील."

मी तसाच घरी आलो. संध्याकाळी ते प्रश्न एकेक लावून ऐकले. एकदा तिनं विचारलेलं, "आमच्या म्हाताऱ्याचा खोकला कशानं जाईल?" ॲप म्हणालं, "कृपया पिकाचं नाव सांगा." ती पोट धरून हसलेली, तेही त्यात आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. बाई आल्यावर म्हटलं, "पुसायचं काय नाय. दुकानांना दिलेली परवानगी तेवढी काढ, आणि त्या अधिकाऱ्याला लिही, ज्यांना ज्यांना नंबर दिला त्यांनाबी थांबव म्हणावं."