हिवतापाचा कागद

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो. कालव्याच्या पाण्यामुळे पावसाळा सरता सरता हिवताप वाढायचा. म्हणून मी एक कागद लिहून चावडीच्या भिंतीवर लावला. ‘हिवताप डासांमुळे होतो. घराभोवती पाणी साचू देऊ नका, मच्छरदाणीत निजा. थंडी वाजून ताप आला तर लगेच दवाखान्यात या. वेळेवर क्विनिन घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात.’ खरे तेवढेच लिहिले.

आठवडाभरात शेजारी एका औषधविक्याची जाहिरात लागली. ‘मरण दारात! एका बाटलीत हिवताप कायमचा नष्ट!’

त्यानंतर निरवांगी गावची एक बाई नवऱ्याला बैलगाडीत घालून घेऊन आली. तो बेशुद्ध होता. मी क्विनिनचे इंजेक्शन दिले, पण उशीर झाला होता. तो संध्याकाळी गेला.

‘बाई, ताप आल्याबरोबर का नाही आणलंत?’ मी चिडून विचारले.

‘दिरानं दोनी कागद वाचलं हुतं, डाक्टरसायब,’ ती म्हणाली. ‘तुमच्या कागदावर भ्या वाटंल असं कायबी न्हवतं. त्या दुसऱ्यावर मरण लिवलं हुतं, म्हणून बाटली आणली.’

भीती घालायचे मात्र मला पुढेही जमले नाही. पुढच्या वर्षी तोच मजकूर लिहिला, फक्त ‘लगेच’ हा शब्द ठळक केला. लोक तो वाचत, मान डोलवत आणि बाटली विकत घ्यायला जात.