वीस थेंब कुठून आले

पायरी, तुला हे नाव मी ठेवलं आणि चिडून ठेवलं, हे आधीच कबूल करते. बाकीचे पाचजण एका गणिताला सात-आठ मिनिटं लावायचे, तुला वीससुद्धा कमी पडायची. विद्यार्थी पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवणार, तुम्ही ते सोडवून लिहिणार, आणि मी, चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, ते तपासून पुढे सोडणार. चपलांच्या दुकानावरचा मजला, सात टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, एवढंच आपलं ऑफिस. वीस मिनिटं उलटली की पडद्यावरची पट्टी लाल व्हायची. तुझी कायम लाल.

"अगं, उत्तर लिहितेस की पुराण?" मी ओरडायची.

"बाई, तिला ही पायरी दिसत नाहीये," तू मान वर न करता म्हणायचीस.

तू स्वतः शाळेत गणितात दोनदा नापास झालेली. तुझे मामा शिंपी. त्यांनी कापडाच्या टेबलावर खडूनं रेघा मारून तुला अपूर्णांक शिकवले, आणि एक रेघ तुला पटल्याशिवाय दुसरी मारली नाही. पुढे लग्नानंतर, मांडीवर मुलगी घेऊन तू घरबसल्या पदवी मिळवलीस. म्हणून असेल, फोटो आला की तू छापलेलं गणित आधी वाचतच नव्हतीस. बोटांनी फोटो मोठा करून कोपऱ्यातली खाडाखोड बघायचीस. "पाय कुठे घसरला ते इथं कळतं," म्हणायचीस. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

त्या दिवशी पावणेएकला फोटो आला. खाली लिहिलेलं: 'नर्सिंगची फेरपरीक्षा आज तीनला. तिसरी आणि शेवटची संधी. यात नापास झाले तर कोर्समधून नाव काढतील. उत्तर नको, कसं करायचं ते सांगा.'

गणित सरावाच्या पुस्तकातलं होतं. सहाशे मिली सलाईन पाच तासांत द्यायचं आहे, सेट, म्हणजे सलाईनची नळी, वीस थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? शेजारी पेन्सिलीनं ६०० ÷ ५ = १२०, त्याखाली १२० ÷ २० = ६, आणि सहावर मोठं प्रश्नचिन्ह.

"भागलं हिनं," तू पुटपुटलीस. "एका मिलीचे वीस थेंब होतात, म्हणजे आकडा वाढायला हवा. हिला थेंब दिसतच नाहीयेत."

मग तू लिहायला बसलीस. पट्टी पिवळी झाली, लाल झाली. माझ्याकडे आणखी अकरा उत्तरं थांबलेली. तुझं आलं तेव्हा मी झरझर वाचलं. पायऱ्या चोख होत्या: तासाला १२० मिली, १२० × २० म्हणजे तासाला २४०० थेंब, २४०० ÷ ६० म्हणजे मिनिटाला ४० थेंब. पण पहिल्या पायरीच्या आधी दोन ओळी होत्या. 'वीस हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो: २० थेंब = १ मिली. सेट बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून आधी पाकीट वाचा.' मला वाटलं, गणितात वीस दिलेलेच आहेत, पाल्हाळ कशाला? मी दोन्ही ओळी उडवल्या आणि उत्तर सोडलं.

पाच मिनिटांत तिचा निरोप आला. 'उत्तर जुळलं! समजलं! खूप आभार!'

"झालं समाधान? घे पुढचं," मी म्हटलं.

"जुळलं म्हणजे समजलं नव्हे, बाई. मी तिला एक जोडगणित पाठवतेय. तिचा फोटो आला की माझ्याकडेच वळवा."

नियम असा होता की एका फोटोला एक उत्तर. पण तू ऐकणारी नव्हतीस, आणि तिची परीक्षा तीनला होती. मी हो म्हटलं, तेही कुरकुरत.

तू दिलेलं गणित: चारशे ऐंशी मिली, आठ तास, सेट पंधरा थेंबांचा. दीड वाजून गेला तरी फोटो नाही. तू डबा उघडलास आणि तसाच मिटलास. एक चाळीसला फोटो आला. ४८० ÷ ८ = ६०. बरोबर. ६० × २० = १२००. १२०० ÷ ६० = २०. शेवटी आनंदानं दोनदा अधोरेखित: वीस थेंब.

पंधरा समोर लिहिलेले असताना तिनं वीस घेतले होते. 'वीसनं गुणायचं' हा तिच्यासाठी नियम झाला होता.

तू पाठवलेलं उत्तर पुन्हा उघडलंस. वरपासून खालपर्यंत वाचलंस. मग माझ्याकडे वळलीस.

"बाई, माझ्या दोन ओळी कुठे गेल्या?"

"मी काढल्या."

"मग वीस कुठून आले हे तिला कोण सांगणार होतं?"

तू भांडत बसली नाहीस. घड्याळ बघितलंस, कोरा कागद ओढलास. या वेळी सुरुवात तिच्याच मांडणीपासून केलीस. 'साठ मिलीपर्यंत तुम्ही एकट्या आलात, ते बरोबर आहे. आता थांबा आणि विचारा: पुढचा आकडा कुणाचा? सलाईनचा नाही, घड्याळाचा नाही. सेटचा. या पाकिटावर काय लिहिलंय? १५ थेंब = १ मिली. म्हणजे साठ मिलीचे ६० × १५ = ९०० थेंब. ते तासाभराचे. मिनिटाचे हवेत, म्हणून ९०० ÷ ६० = १५.' प्रत्येक आकड्यापुढे मिली की थेंब, तासाला की मिनिटाला, सगळं लिहिलंस. खाली तिसरं गणित नुसतं मांडलंस: तीनशे मिली, दोन तास, सेट दहाचा. सोडवलं नाहीस.

दोनला तीन मिनिटं कमी असताना ते माझ्याकडे आलं. मी एका अक्षराला हात लावला नाही.

मग वाट बघणं. सव्वादोन. पलीकडचा एकजण म्हणाला, "ताई, ती हॉलमध्ये गेली असेल. सोडा आता."

"तीनला आहे परीक्षा."

"फोन आधी काढून घेतात."

"तू तुझी पट्टी सांभाळ," मी त्याला झापलं. खरं तर मला तेच वाटत होतं.

दोन एकतीसला फोटो आला. गुडघ्यावर कागद ठेवून काढलेला, हललेला. ३०० ÷ २ = १५० मिली, तासाला. 'पाकिटावर १०, म्हणून' असं लिहून १५० × १० = १५०० थेंब, तासाला. १५०० ÷ ६० = २५ थेंब, मिनिटाला. खाली निरोप: 'आत बोलावतायत.'

तू फक्त 'बरोबर. आधी पाकीट' एवढंच टाइप केलंस. ते तिला पोचलं की नाही, कुणास ठाऊक.

निकालाचा निरोप नवव्या दिवशी आला. 'पास झाले. सेट साठचा आला होता, साठचा असतो हे मला माहीतच नव्हतं. घाबरले, मग पाकिटाचा आकडा घेतला.' मी तो मोठ्यांदा वाचून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू नाही.

"साठचा सेट मलाही माहीत नव्हता, बाई," तू म्हणालीस. "थेंब-थेंब करतेय, पण असा सेट मी आयुष्यात हातात धरलेला नाही. तुमच्या घराखाली औषधांचं दुकान आहे ना? येताना एक वीसचा आणि एक साठचा आणाल? पेल्यात थेंब पाडून मोजू. पाकिटाचा फोटोही उत्तराला जोडता येईल."

"उद्या आणते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी विसरले. तू आणखी दोनदा विचारलंस, मग विचारणं सोडलंस. पुढच्या महिन्यात ऑफिस बंद झालं आणि तू मुलीकडे राहायला गेलीस. मी त्या दुकानासमोरून रोज जाते. आत जाऊन सेट अजून मागितलेला नाही.