उत्तरेच्या खोलीचा रंग

आमच्या घरातली उत्तरेची खोली म्हणजे नावालाच खोली. एकच खिडकी आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. ऊन तिथे वर्षभर फिरकत नाही. मे महिन्यात अख्खं यवतमाळ भाजून निघतं तेव्हा याच खोलीसाठी घरात भांडणं होतात. पण एरवी भरदुपारी तांदूळ निवडायचे म्हटले तरी तिथे ट्यूब लावावी लागते. ही खोली मला बाबांना द्यायची होती.

आई गेल्यावर बाबा कळंबजवळच्या आमच्या गावात एकटेच राहत होते. चक्कर येऊन पडले, तेव्हा मी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. आले, पण पाहुण्यासारखे. दिवसभर हॉलमध्ये खुर्चीवर बसायचे आणि रोज विचारायचे, "कळंबची गाडी कितीले हाय?" हे एक दिवस न सांगता निघून जातील अशी मला धास्तीच बसली होती. म्हणून ठरवलं, खोली रंगवायची आणि रंग त्यांनीच निवडायचा.

"निळा," बाबा म्हणाले. विचार करायला एक क्षणही लागला नाही.

लागणार तरी कशाला? गावातल्या आमच्या वस्तीत विहार निळा, कमान निळी, आमचं घरही निळं. तोंडाने मी हो म्हटलं, पण मनात चरकले. त्या खोलीत निळ्याचं काय होणार ते मला दिसत होतं.

रंगाच्या दुकानात बाबांनी शेड कार्ड घेतलं आणि थेट पायरीवर उन्हात जाऊन उभे राहिले. "हा पाह्य, कसा चमकून राह्यला!" उन्हात काय, सगळेच रंग राजे. घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने तिसरंच काढलं, पांढरा द्या, पांढऱ्याने उजेड वाढतो. त्याचं अर्धं खरं होतं. पांढरा उजेड परत फेकतो, पण आधी उजेड आत यायला तर हवा! उत्तरेचा उजेड मुळात थंड, निळसर. त्यात पांढरा राखाडी दिसतो आणि निळा आणखीच काळवंडतो. फिका, पिवळसर झाक असलेला रंग असेल तर खोलीला जरा ऊब येते. हे मी ठणकावून सांगू शकले असते. पण सांगून बापाला पटलंय, असं आमच्या खानदानात कधी घडलेलं नाही.

मग मी रंगाचे छोटे डबे आणले आणि तीन मोठे पुठ्ठे रंगवले. एक बाबांचा निळा, एक पांढरा, एक दुधावरच्या सायीसारखा पिवळसर. दोन-दोन हात दिले, पूर्ण वाळू दिले आणि खोलीतल्या भिंतीला टेकवून ठेवले.

"बाबा, आता तुमीच पाहा जी. सकाळी पाहा, दुपारी पाहा, लाइट लावून पाहा. मंग सांगा."

"मले शिकवून राह्यली काय?" बाबा चिडलेच. पण गेले आत.

दुपारी मला हाक आली. "हा तोच निळा हाय का?"

"तोच."

त्यांचा विश्वास बसेना. पुठ्ठा उचलून अंगणात नेला, तिथे तो झळाळला. आत आणला की चुलीतल्या राखेसारखा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेवटी चष्मा पुसून पाहिलं आणि पुठ्ठा खाली ठेवला.

"निळा चालत नाई, तं मंग मी तरी इथं काहून राहू?"

त्यांच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा ताठ मानेने घराला दिलेला रंग तो. मी जिंकले होते, आणि जिंकून बाप गमावणार होते. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"बाबा, निळ्याले ऊन पायजे. ऊन हाय तिथं द्या न त्याले."

खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं आणि हॉलमध्ये सकाळचं ऊन थेट त्या दारावर येतं. बाबा उठले आणि दारावर पडलेल्या उन्हात हात धरून पाहिला.

"आतून तुहा पिवळा," ते म्हणाले, "छत पांढरं. आन् बाहीरून दार निळं. पण निळा मीच निवडीन. त्यात तू बोलू नको."

मी बोलले नाही. माझ्या मते त्यांनी निवडलेला निळा जरा भडकच होता.

रंगारी आला, तेव्हा बाबा खुर्ची ओढून त्याच्या पाठीमागेच बसले. कोपरा राहिला, धार नीट घे, असं चाललेलं. तेवढ्यात गावाहून काकांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. काकांनी कधी येतोस म्हणून विचारलं असावं.

"आता कायले येतो, बाप्पा?" बाबा खेकसले. "माह्या खोलीचं काम सुरू हाय."

माझी खोली म्हणाले. तव्यावरची पोळी करपली, धूर झाला, आणि मी तशीच उभी राहून रडत होते.