मैनेचे तीन दिवस

"तोंडाला लावायचं औषध द्या, म्हणते मी! पाळीचं कशापायी उकरता, बाई?"

"कारण या फोडांचं आणि हनुवटीवरच्या केसांचं मूळ तिथे असू शकतं, सरुबाई."

"पोरीचं समदं येळच्या येळी हाय! दर महिन्याला बाहेर बसती, चौथ्या दिशी मी सोता तिच्या डोक्यावर पानी घालते. रविवारी घोटीची मानसं बघाया येनार, अन् तुमी..."

१९३७ सालचा श्रावण. शरणपुराच्या लहानशा दवाखान्यात भाजीवाल्या सरुबाईची मैना पदरात तोंड लपवून बसली होती. एकोणीस वर्षांची. हनुवटीवरच्या केसांवरून बाजारात पोरं तिला 'मामलेदार' म्हणत.

डॉक्टरीण सत्त्वशीलाबाईंनी भांडण तिथंच सोडलं. मैनेचा गळा चाचपला, पोट हलक्या हाताने दाबलं.

"केस एकदम आले?"

"नाय. हळूहळू. न्हाण आल्यावर दोन वर्सांनी."

"आवाज घोगरा झाला? डोकं दुखतं? अंधुक दिसतं?"

"नाय."

मग लघवीचे थेंब निळ्या पाण्यात टाकून बाईंनी नळी दिव्यावर धरली. पाणी उकळलं, तरी निळंच राहिलं.

"लघवीत साखर नाही, म्हणजे मधुमेह नाही," बाई म्हणाल्या.

मैना पदर विसरून बघत राहिली. आपल्या आतलं असं बाहेर, काचेत बोलतं?

"आता खरं सांग. शेवटची पाळी कधी?"

मैना त्या निळ्याकडे पाहतच म्हणाली, "होळीला."

"अगं, परवा तर तू..."

"खोटं व्हतं, आई. नुसती कोपऱ्यात जाऊन बसायची. नाय बसले असते, तर तू काय समजली असतीस?"

सरुबाईचा हात तोंडावर गेला. महिनोन्महिने वेगळी वाकळ, वेगळं ताट, चौथ्या दिवसाचं न्हाणं. सगळं वठवलं या पोरीनं, आणि बघणारी एकटी तिची आई! अशी छाती रंगमंचावरही पाहायला मिळत नाही.

"तिच्या पोटात मूल नाही," बाईंनी आधी तेच सांगितलं. "बीजकोशात बारीक बारीक पाण्याचे फोड धरत असावेत. दर महिन्याला पिकायचं बीज अर्धंच राहतं, म्हणून पाळी चुकते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच असं लिहिलंय. पोट उघडल्याशिवाय खात्री होत नाही, आणि त्यासाठी मी पोट उघडणार नाही."

"बीज? माझ्यात?" मैनेनं पोटावर हात ठेवला. तळहातावर पाखरू उतरावं तसा.

"जन्मापासून. हजारोंनी."

"मंग... पोर व्हईल?"

"होऊ शकतं. उशीर लागेल. कदाचित नाहीही. केस खुशाल कातर, कातरल्यानं दाट होत नाहीत. पाळीची तारीख मात्र खरी सांगत जा. आवाज जड झाला किंवा अंगावरून फार गेलं, तर लगेच ये."

मैनेनं पदर खांद्यावर सारला. तोंड उघडं, हनुवटी उजेडात.

"आई, घोटीच्या मानसांना हे सांगशील नव्हं? का म्या सांगू?"

सरुबाईनं लेकीकडं असं पाहिलं, जणू कुणी अनोळखी बाई समोर बसलीय. मग रिकामी पाटी काखेत मारली आणि उंबरा ओलांडून गेली.